टाक्या मिसळल्या, पातळी जुळली, तरी व्हॅनेडियम बॅटरीची क्षमता का वाढली नाही?

प्रश्न: आमच्याकडे व्हॅनेडियम रेडॉक्स फ्लो बॅटरी आहे. प्रत्येक बाजूला १००० लिटर इलेक्ट्रोलाइट, १.६ मोलर व्हॅनेडियम, नॅफिऑन जातीचे मेंब्रेन. दोन वर्षांत सुमारे ६०० सायकल झाल्या. धन टाकीची पातळी वाढून १०४० लिटर झाली आणि ऋण टाकीची ९६० वर आली. प्रयोगशाळेने धन बाजूला १.६९ आणि ऋण बाजूला १.५० मोलर व्हॅनेडियम दाखवले. कमी प्रवाहावर मोजलेली क्षमता मूळच्या ९० टक्के होती. म्हणून बॅटरी डिस्चार्ज करून दोन्ही टाक्या पूर्ण मिसळल्या आणि पुन्हा समान भरल्या. पातळी जुळली, पण क्षमता ९० टक्क्यांवरच राहिली. मेंब्रेन गेले का? इलेक्ट्रोलाइट बदलावा लागेल का?

उत्तर: मेंब्रेनवर संशय घेण्यासारखे तुमच्या आकड्यांत काही दिसत नाही आणि इलेक्ट्रोलाइट टाकून देण्याचे तर मुळीच कारण नाही. तुमच्या बॅटरीत दोन वेगवेगळ्या प्रकारचे असंतुलन एकाच वेळी वाढत गेले होते आणि योगायोगाने ते एकमेकांना झाकत होते. टाक्या मिसळून तुम्ही त्यांतले एक दूर केले, त्यामुळे दुसरे उघडे पडले. हे तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सिद्ध करता येते. त्यासाठी आधी मेंब्रेनमधून काय जाते ते पाहू आणि मग टाक्यांतील मोलांचा हिशेब मांडू.

या बॅटरीत दोन्ही बाजूंना एकच मूलद्रव्य असते. ऋण बाजूला V(II) आणि V(III), तर धन बाजूला V(IV) आणि V(V). सत्तरच्या दशकात नासाने लोह-क्रोमियमच्या फ्लो बॅटरीवर काम केले, तेव्हा एका बाजूचा धातू दुसऱ्या बाजूला शिरून द्रावण कायमचे दूषित होणे ही मोठी अडचण होती. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना व्हॅनेडियमच वापरून ही अडचण सोडवली. पण त्यांनी आयनांचे पलीकडे जाणे थांबवले नाही, ते कोणालाच पूर्ण थांबवता आलेले नाही. त्यांनी एवढेच साधले की पलीकडे गेलेला आयन तिथे परका ठरत नाही आणि त्यामुळे झालेले नुकसान भरून काढता येते.

मेंब्रेनचे काम प्रोटॉन जाऊ देणे आणि व्हॅनेडियम अडवणे हे आहे. दुसरे काम ते पूर्णपणे करू शकत नाही. चारही प्रकारचे व्हॅनेडियम आयन जिथे जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे सतत झिरपत असतात. हे विसरण झाले. शिवाय चार्ज करताना बॅटरीच्या आत प्रोटॉन धन बाजूकडून ऋण बाजूकडे जातात, डिस्चार्ज करताना उलट जातात आणि जाताना पाण्याचे रेणू व काही व्हॅनेडियम आपल्याबरोबर ओढून नेतात. तिसरे कारण दाबाचे आहे. V(II) आणि V(III) असलेले द्रावण धन बाजूच्या द्रावणापेक्षा जास्त चिकट असते, त्यामुळे दोन्ही पंपांचा प्रवाह समान ठेवला तरी ऋण बाजूचा दाब थोडा जास्त राहतो आणि द्रव धन बाजूकडे ढकलला जातो.

पलीकडे गेलेला आयन लगेच तिथल्या आयनांशी अभिक्रिया करतो. ऋण बाजूचा V(II) धन टाकीत पोहोचला की एकटा दोन V(V) संपवतो:

V²⁺ + 2VO₂⁺ + 2H⁺ → 3VO²⁺ + H₂O

उलट दिशेने V(V) ऋण टाकीत आला की तो दोन V(II) संपवतो:

VO₂⁺ + 2V²⁺ + 4H⁺ → 3V³⁺ + 2H₂O

या अभिक्रियांमुळे साठवलेला विद्युतभार वाया जातो आणि तो तोटा कूलॉम कार्यक्षमतेत दिसतो. समजा तुमची कूलॉम कार्यक्षमता ९७ टक्के आहे. मग १६०० मोल क्षमतेपैकी सुमारे ४८ मोल दर सायकलीला वाया जातात. हा तोटा पुढच्या चार्जमध्ये भरून निघतो आणि त्याने क्षमता घसरत नाही. क्षमता घसरते ती दोन्ही दिशांच्या येण्याजाण्यातील उरलेल्या फरकामुळे. नॅफिऑनसारख्या धनायन-विनिमय मेंब्रेनमधून V(II) बाकीच्या तीन आयनांपेक्षा सहज जातो, त्यामुळे सायकलीमागून सायकल व्हॅनेडियम थोडेथोडे धन टाकीत साचत जाते आणि पाणीही बहुधा त्याच दिशेने जाते. पुढच्या हिशेबात दिसेल की तुमच्याकडे ६०० सायकलींत १६० मोल सरकले, म्हणजे दर सायकलीला पाव मोलाहून किंचित जास्त. ४८ मोलांच्या तुलनेत हा आकडा नगण्य आहे, म्हणून सायकलीच्या रोजच्या नोंदींत तो कधीच दिसत नाही. मेंब्रेन फाटले असते तर कूलॉम कार्यक्षमता एकदम खाली आली असती, बॅटरी नुसती उभी असताना ओपन सर्किट व्होल्टेज तासातासाला घसरले असते आणि पातळीतला फरक दोन वर्षांत नव्हे, काही आठवड्यांत दिसला असता.

आता हिशेब. सुरुवातीला प्रत्येक बाजूला १००० लिटर गुणिले १.६, म्हणजे १६०० मोल व्हॅनेडियम होते, एकूण ३२००. मिसळण्यापूर्वी ऋण टाकीत ९६० गुणिले १.५०, म्हणजे १४४० मोल आणि धन टाकीत १०४० गुणिले १.६९, म्हणजे साधारण १७६० मोल. बेरीज पुन्हा ३२००. याचा अर्थ व्हॅनेडियम कुठेही गळलेले नाही आणि साका होऊन खाली बसलेलेही नाही. ऋण बाजूचे १६० मोल धन बाजूला गेले, एवढेच.

यापुढच्या सगळ्या विचाराचा आधार एक साधा नियम आहे. दोन्ही टाक्यांतील प्रत्येक व्हॅनेडियम अणूची ऑक्सिडीकरण अवस्था घेऊन सगळ्यांची बेरीज केली, तर ती चार्ज करताना बदलत नाही, डिस्चार्ज करताना बदलत नाही आणि मेंब्रेनमधून कितीही आयन इकडचे तिकडे गेले तरी बदलत नाही. चार्जिंगमध्ये इलेक्ट्रॉन एका टाकीतून निघून दुसऱ्या टाकीत जातात आणि आपसांतल्या अभिक्रियांत ते एका व्हॅनेडियमकडून दुसऱ्या व्हॅनेडियमकडे जातात. बाहेर कोणीच जात नाही. नवीन इलेक्ट्रोलाइट निम्मा V(III) आणि निम्मा V(IV) असतो, म्हणजे सरासरी अवस्था ३.५ आणि तुमच्या ३२०० मोलांची एकूण बेरीज ११,२००.

समजा तुमच्या बॅटरीत फक्त मेंब्रेनमधून सरकणे एवढाच दोष असता. पूर्ण चार्ज झाल्यावर ऋण टाकीतील १४४० मोल सगळे V(II) असतील, त्यांचा वाटा २८८० होतो. उरलेले ८३२० धन टाकीतील १७६० मोलांवर पडतात. ते सगळे V(IV) असते तर ७०४० झाले असते, म्हणजे वरचे १२८० मोल V(V) आहेत. डिस्चार्ज करताना हे १२८० संपले की बॅटरी थांबते, आणि त्या वेळी ऋण टाकीत १६० मोल V(II) न वापरता पडून असतात. क्षमता १६०० वरून १२८० वर येते, म्हणजे ८० टक्के.

व्हॅनेडियम सरकले १० टक्के, पण क्षमता गेली २० टक्के. हे दुप्पट प्रमाण पुष्कळांना पटत नाही, मात्र वरच्या पहिल्या अभिक्रियेत त्याचे कारण आहे. ऋण बाजूने एक V(II) गमावला की धन बाजू दोन V(V) गमावते. आयन V(III) म्हणून गेला तरी शेवटचा हिशेब बदलत नाही, कारण बेरजेचा नियम त्यालाही लागू आहे.

म्हणजे नुसत्या सरकण्याने तुमची क्षमता ८० टक्क्यांवर यायला हवी होती, पण तुम्ही मोजली ९०. आणि मिसळल्यानंतर ती १०० वर जायला हवी होती, पण ९० वरच राहिली. एकाच दोषाने या दोन्ही विसंगतींचा उलगडा होत नाही. ऑक्सिडीकरण अवस्थांची एकूण बेरीजच बदलली असेल, तर मात्र दोन्ही गोष्टी एकदम जुळतात.

ही बेरीज वाढण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही ऋण बाजूला आहेत. पहिला मार्ग असा की चार्जिंगच्या शेवटी, V(III) संपत आलेले असताना, काही इलेक्ट्रॉन व्हॅनेडियमला न मिळता प्रोटॉनला मिळतात आणि हायड्रोजन वायू बनून टाकीच्या वरच्या नळीतून निघून जातो. दुसरा मार्ग म्हणजे ऋण टाकीच्या रिकाम्या भागात हवा शिरते आणि V(II) ऑक्सिजनशी झटपट अभिक्रिया करून V(III) होतो. दोन्हींचा परिणाम एकच: इलेक्ट्रॉन कायमचे बाहेर गेले आणि सरासरी अवस्था ३.५ च्या वर सरकली. धन बाजूला जास्त चार्ज झाल्यास ऑक्सिजन सुटतो किंवा कार्बनचा इलेक्ट्रोड जळून कार्बन डायऑक्साइड बनतो आणि त्याने बेरीज उलट दिशेने जाते, पण नीट चालवलेल्या बॅटरीत हा भाग सहसा कमी असतो.

समजा तुमची सरासरी ३.५ वरून ३.५५ झाली आहे. एकूण बेरीज १६० ने वाढून ११,३६० होते. आता मिसळण्याआधीची स्थिती पुन्हा मांडा. पूर्ण चार्जला ऋण टाकीचा वाटा तोच, २८८०. धन टाकीला उरतात ८४८०, आणि त्यातून ७०४० वजा केले की V(V) निघतात १४४०. डिस्चार्ज करताना १४४० V(V) आणि १४४० V(II) नेमके एकाच वेळी संपतात. क्षमता १४४०, म्हणजे बरोबर ९० टक्के. दोन्ही बाजू एकदम रिकाम्या होत असल्याने बॅटरी आतून अगदी निरोगी दिसते. तुमच्याकडे हेच चालले होते. इलेक्ट्रॉन बाहेर गेल्यामुळे धन बाजूला जे V(V) जास्त उरले, त्यांनी सरकलेल्या व्हॅनेडियममुळे पडलेला खड्डा अर्धा भरून काढला.

आता मिसळल्यानंतरची स्थिती. प्रत्येक बाजूला १६०० मोल, सरासरी ३.५५. चार्ज सुरू केल्यावर धन बाजू ७२० मोल इलेक्ट्रॉन देऊन पूर्ण V(IV) होते, पण ऋण बाजूला पूर्ण V(III) व्हायला ८८० लागतात. तोवर धन बाजूला १६० मोल V(V) तयार झालेले असतात. पुढे धन बाजूचे १६०० मोल पूर्ण V(V) होतात तेव्हा ऋण बाजूला V(II) फक्त १४४० असतात. डिस्चार्ज १४४० वर थांबतो आणि धन टाकीत १६० मोल V(V) शिल्लक राहतात. क्षमता पुन्हा ९० टक्के. मिसळणे वाया गेले नाही, त्याने व्हॅनेडियम जागेवर आणले, पण आधी दुसऱ्या दोषाकडून मिळणारी भरपाईही त्याच वेळी संपली.

सरासरी उलट दिशेने, ३.४५ कडे गेली असेल, अशी शंका कोणी घेईल. तसे असते तर मिसळल्यानंतर क्षमता ९० टक्केच आली असती हे खरे, पण मिसळण्याआधी ती ७० टक्के असायला हवी होती. दोन्ही मोजमापे ९० येणे हे ३.५५ लाच जुळते. यातले आकडे आदर्श आहेत. प्रत्यक्षात कोणी शून्य ते शंभर टक्के चार्जच्या मर्यादेत बॅटरी चालवत नाही, त्यामुळे तुमचे खरे उत्तर ३.५४ किंवा ३.५६ निघू शकते. मात्र निदान त्याने बदलत नाही. लक्षात ठेवायचे प्रमाण असे की मिसळलेल्या इलेक्ट्रोलाइटची सरासरी ०.०१ ने हलली की क्षमता २ टक्क्यांनी घटते.

उपाय करण्याआधी हे निदान दोन प्रकारे तपासून घ्या. पहिला प्रकार नुसत्या डोळ्यांचा आहे. बॅटरी कमी प्रवाहावर शेवटपर्यंत डिस्चार्ज करा आणि धन टाकीतील थोडे द्रावण काढून भरपूर पातळ करा. शुद्ध V(IV) निळा असतो. त्यात दहा टक्के V(V) उरला असेल तर रंग स्पष्ट हिरवट दिसेल. ऋण बाजूचे द्रावण मात्र V(III) चे हिरवे असेल आणि त्यात V(II) ची जांभळी छटा नसेल. फक्त सरकण्याचा दोष असता तर याच्या उलट दिसले असते: धन बाजू स्वच्छ निळी आणि ऋण बाजूत जांभळट छटा.

दुसरा प्रकार टायट्रेशनचा, आणि निर्णय त्यावरच घ्यावा. इथे नमुना कोणत्या अवस्थेत घ्यायचा याला फार महत्त्व आहे. चार्ज असलेल्या ऋण टाकीतून उघड्या हवेत नमुना घेतला तर बाटलीत पडतापडताच त्यातील V(II) ऑक्सिडाइज होतो आणि प्रयोगशाळा तुम्हाला टाकीची नव्हे, बाटलीची अवस्था कळवते. ०.०१ ला २ टक्के असे प्रमाण असताना ही चूक चालत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे समान माप मिसळून, केवळ V(III) आणि V(IV) असलेला नमुना घ्यावा. तो काही मिनिटे हवेत राहिला तरी बिघडत नाही. त्याचे पोटॅशियम परमँगनेटने विभव मोजत टायट्रेशन केले की दोन स्पष्ट पायऱ्या मिळतात. पहिल्या पायरीत V(III) चा V(IV) होतो, दुसरीत सगळ्या V(IV) चा V(V) होतो. दुसरी पायरी थंड द्रावणात रेंगाळते, म्हणून तिच्यासाठी नमुना साधारण ७० अंशांपर्यंत गरम करावा. पहिल्या पायरीला लागलेले आकारमान क आणि दुसरीला लागलेले ख असेल, तर सरासरी अवस्था म्हणजे ४ वजा (क ÷ ख). परमँगनेटची नेमकी संहती माहीत नसली तरी हे उत्तर बरोबर येते, कारण ती भागाकारात निघून जाते. तुमच्या नमुन्यात हा भागाकार ०.५० ऐवजी ०.४५ च्या आसपास यायला हवा.

तो तसा आला की उपाय ऑक्झॅलिक आम्लाचा. इलेक्ट्रोलाइटमध्ये इलेक्ट्रॉन परत घालायचे आणि मागे काहीही उरू द्यायचे नाही, हे दोन्ही त्याने साधते:

H₂C₂O₄ + 2VO₂⁺ + 2H⁺ → 2VO²⁺ + 2CO₂ + 2H₂O

एक मोल आम्ल दोन इलेक्ट्रॉन देते. तुम्हाला १६० मोल इलेक्ट्रॉन परत घालायचे आहेत, म्हणजे ८० मोल आम्ल. बाजारात मिळणारे स्फटिक दोन पाण्याच्या रेणूंसह असतात आणि त्यांचे मोलर वस्तुमान १२६ ग्रॅम असते. म्हणजे सुमारे १०.१ किलो. शुद्धतेची प्रत चांगली घ्या. लोह किंवा तांब्यासारख्या धातूंचे अंश आत गेले तर ते ऋण इलेक्ट्रोडवर हायड्रोजन सुटायला मदत करू शकतात, आणि ज्या दोषावर उपाय करायचा तोच वाढेल.

हे आम्ल V(V) चे क्षपण सहज करते, V(IV) चे मात्र करत नाही. त्यामुळे डिस्चार्ज झालेल्या किंवा मिसळलेल्या द्रावणात ते टाकून उपयोग नाही, ते तसेच विरघळून राहील. बॅटरी साधारण अर्धी चार्ज करा, धन टाकीत तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त V(V) असतो, आणि धन बाजूचा पंप चालू ठेवून आम्ल थोडेथोडे करून घाला. पाण्यात विरघळवून घालण्यापेक्षा टाकीतूनच काढलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळवून घालणे बरे, म्हणजे द्रावण पातळ होत नाही. १६० मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ चार घनमीटर वायू बाहेर पडणार आहे. घाई केली तर टाकीला फेस येतो आणि द्रावण नळीवाटे वर चढते. खोली बंद असेल तर हा वायू माणसालाही धोकादायक आहे. धन टाकीचा वायुमार्ग मोकळा आणि बाहेर उघडणारा आहे याची आधी खात्री करा. दहाही किलो एका दिवशी घालू नका. आठ किलोंवर थांबा, दोन-तीन सायकल चालवा, पुन्हा टायट्रेशन करा आणि मग उरलेले ठरवा. जास्त पडलेले आम्ल पुढे V(V) शी अभिक्रिया करतच राहते आणि सरासरी ३.५ च्या खाली नेते, म्हणजे तितकीच क्षमता दुसऱ्या बाजूने जाते.

रसायन घालणे नको असेल तर हेच काम विजेने करता येते. एक छोटा वेगळा सेल लावून त्यात एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला धन टाकीतले द्रावण फिरवतात, किंवा एका बाजूला पाण्यातून ऑक्सिजन सोडून दुसऱ्या बाजूला व्हॅनेडियमचे क्षपण करतात. तुमच्यासाठी ते १६० मोल म्हणजे ४२९० अँपिअर-तास, १०० अँपिअरच्या एकाच सेलला ४३ तास. मोठ्या प्रकल्पात असा सेल कायमचा बसवणे परवडते. दोन हजार लिटरसाठी मी ऑक्झॅलिक आम्लच सुचवीन.

टाक्या मिसळण्याबद्दलही थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढेही ते तुम्हाला करावे लागणार आहे. अनेक ठिकाणी दोन्ही टाक्यांना जोडणारी नळी उघडून नुसती पातळी समान करतात आणि काम झाले असे मानतात. तुमच्या जुन्या आकड्यांवर ते करून पाहा. धन टाकीतून ४० लिटर परत सोडले तर पातळी जुळते, पण परत जातात ते ६८ मोल. १६० पैकी ९२ मोल तिथेच राहतात. सरासरी ३.५ असती तर यानंतर क्षमता साधारण ८८ टक्के झाली असती. पाणी आणि व्हॅनेडियम वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यामुळे पातळीवरून मोलांचा अंदाज बांधता येत नाही. पातळी जुळवणे ही मधली तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे, पूर्ण मिसळण्याची जागा ती घेत नाही. पूर्ण मिसळण्याने दोन्ही बाजूंच्या आम्लाच्या प्रमाणातला फरकही नाहीसा होतो.

पूर्ण मिसळण्याला किंमतही आहे. मिसळलेले ३.५ चे द्रावण पुन्हा V(III) आणि V(IV) असे वेगळे करायला ८०० मोल, म्हणजे बॅटरीच्या अर्ध्या क्षमतेइतका विद्युतभार लागतो आणि तो परत मिळत नाही. म्हणून महिन्यामहिन्याला मिसळण्यात अर्थ नाही. दर तीन महिन्यांनी दोन्ही टाक्यांतले व्हॅनेडियम आणि सरासरी अवस्था मोजा, मोलांतला फरक वाढून क्षमतेला पाच-सात टक्क्यांचा फटका बसतो आहे असे दिसले की मिसळा. मिसळण्याआधी तुम्ही डिस्चार्ज केले हे योग्यच केले. चार्ज असलेल्या टाक्या एकत्र केल्या तर साठवलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्याच द्रावणात उतरते आणि तापमान वीस ते तीस अंशांनी चढू शकते. ४० अंशांच्या वर V(V) स्थिर राहत नाही, व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा साका होऊ लागतो आणि तो इलेक्ट्रोडच्या फेल्टमध्ये अडकला तर मात्र खरोखर भागच बदलावे लागतात. विदर्भातल्या मे महिन्यासारख्या उन्हाळ्यात द्रावण मुळातच या मर्यादेजवळ असते, तेव्हा हे काम त्या दिवसांत काढूच नये.

तुमच्या आत्ताच्या स्थितीत याच कारणासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागेल. सरासरी ३.५ च्या वर असताना चार्जिंगचा शेवट धन बाजू ठरवते. सगळा V(V) तयार झालेला असतो आणि ऋण बाजूला अजून V(III) शिल्लक असतो. नियंत्रक एकूण व्होल्टेज पाहून चार्ज थांबवतो, त्याला हे कळत नाही, आणि जास्तीचा प्रवाह धन इलेक्ट्रोडचा कार्बन जाळण्यात जातो. ऑक्झॅलिक आम्लाचा उपचार पूर्ण होईपर्यंत चार्जची वरची मर्यादा दहा टक्क्यांनी खाली आणा.

शेवटी, हे १६० मोल इलेक्ट्रॉन गेले कुठे ते शोधल्याशिवाय आम्ल घातले तर दोन वर्षांनी पुन्हा दहा किलो घालावे लागेल. सगळा दोष हवेचा मानला तर १६० मोल V(II) ला ४० मोल ऑक्सिजन पुरतो, म्हणजे सुमारे पावणेपाच घनमीटर हवा. दोन वर्षांत विभागली तर दिवसाला साडेसहा लिटरही नाही. एवढी हवा एखाद्या सैल झाकणातून किंवा पंपाच्या झिजलेल्या सीलमधून कोणाच्या लक्षात न येता आत जाऊ शकते. सगळा दोष हायड्रोजनचा मानला तर दिवसाला पावणेतीन लिटर वायू. दोन्ही ओळखण्याची रीत वेगळी आहे. ऋण टाकीच्या वरच्या भागातला वायू पूर्ण चार्जनंतर लगेच हायड्रोजन डिटेक्टरने मोजा. मग बॅटरी चार्ज अवस्थेत पंप बंद करून दोन दिवस ठेवा आणि याच अवधीच्या आधी व नंतर दोन्ही टाक्यांचे समान माप, नायट्रोजनखाली काढून, एकत्र मिसळून सरासरी तपासा. स्टॅकमध्ये अडकलेल्या द्रावणातले स्वयं-डिस्चार्ज बेरीज बदलत नाही, त्यामुळे उभ्या बॅटरीतही सरासरी वाढली तर हवा आत येते आहे. ती वाढली नाही आणि चार्जच्या शेवटी हायड्रोजन मात्र दिसला, तर दोष चार्जच्या मर्यादेत किंवा इलेक्ट्रोडमध्ये आहे. दोन दिवसांत होणारा बदल टायट्रेशनच्या अचूकतेपेक्षा लहान असू शकतो, तेव्हा शंका राहिल्यास ही चाचणी तीन-चार आठवडे लांबवावी. पण तिची वाट न पाहता नायट्रोजनचा दाब, झाकणाचे गॅस्केट आणि ऋण पंपाचे सील या तीन गोष्टी मी आम्लाची पिशवी उघडण्याआधी तपासेन.